जॉब कार्डावरचं गरजेचं काय आणि वरचं काय? (गाडी आत्ता वर्कशॉपमध्येच आहे)

रामबागकर | सकाळी 11:52

मंडळी, जरा घाईत विचारतोय. तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, साडेतीन वर्षं जुनी, मीटरवर 38,600 किमी. सकाळी साडेनऊला देवास नाक्याकडच्या वर्कशॉपमध्ये 40 हजारांच्या सर्व्हिसला टाकली. जॉब कार्डावर सही केली तेव्हा अंदाज 5,800 होता. त्यात इंजिन ऑइल 3.5 लिटर, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग 4, अलाइनमेंट-बॅलन्सिंग आणि मजुरी.

आत्ता ॲडव्हायझरचा फोन आला. गाडी लिफ्टवर घेतल्यावर आणखी कामं निघाली म्हणे: पुढचे ब्रेक पॅड (कार्डावर नुसतं 'पॅड 40%' लिहिलंय) 3,100, इंजिन फ्लश 650, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग 1,100, एसी डिसइन्फेक्शन 900, अंडरबॉडी कोटिंग 2,400. म्हणजे एकूण 13,950. दीड वाजेपर्यंत होकार-नकार कळवायचाय. गाडीला तशी काही तक्रार नाही, ब्रेकही छान लागतात. यातलं काय ठेवू, काय खोडू? आणि जे बदललं म्हणतील ते खरंच बदललं हे कसं ओळखायचं?

मालवी_मिरची | 11:58

13,950? एवढ्यात सगळ्या रामबागेला छप्पन दुकानवर नेऊन पोटभर खाऊ घालाल की!

पाना_पकड | 12:10

घाबरू नका, वेळ आहे. सही केल्यानंतर जे निघालं ते तुमच्या होकाराशिवाय त्यांनी करायचं नसतं, म्हणून तर फोन आला. होकार द्याल तो फोनवर नको. व्हॉट्सॲपवर एकेक काम लिहून 'हे करा, हे नको' असं पाठवा.

आता मुख्य गोष्ट. ग्लव्ह बॉक्समध्ये गाडीचं पुस्तक असतं. ते गाडीत राहिलं असेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळतं. शेवटी देखभालीचा तक्ता असतो. आडवे किलोमीटर आणि महिने, उभे भाग, आणि चौकटींत दोनच अक्षरं: आय आणि आर. आय म्हणजे बघा, आर म्हणजे बदला. जॉब कार्डावरची निम्मी भरती या दोन अक्षरांच्या गोंधळातून होते. तक्त्यात 'बघा' असलेली गोष्ट कार्डावर येईपर्यंत 'बदला' होते, आणि जी तक्त्यात नाहीच ती 'गाडीसाठी चांगलं असतं' म्हणून मागच्या दाराने आत शिरते.

तर 40 हजारांचा उभा रकाना पकडा. त्यात आर कुठे कुठे आहे तेवढं इथे लिहा. आणि एक लक्षात ठेवा, किलोमीटर किंवा महिने यांतलं जे आधी येईल ते धरायचं.

शेतीवाडी_देपालपूर | 12:14

जॉब कार्डासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो. आधार आणि फोटो लागतात, फी नाही. 13,950 कोणी मागत असेल तर सरळ जनपदमध्ये तक्रार करा.

मालवी_मिरची | 12:16

काका, ते मनरेगाचं! हे गाडीचं. तिकडे हाताला काम मिळतं, इकडे शंभर कामांचं बिल.

पलासियावाला | 12:21

सरळ सांगतो भिया, सगळं खोडा. ऑइल आणि ऑइल फिल्टर, बस्स. एअर फिल्टर फुंकर मारून चालतो, प्लग लाखभर किमी जातात, ब्रेक लागून राहिले तर पॅडला हात कशाला? आणि बिलात ड्रेन प्लगचा वॉशर आहे का बघा. तो नसेल तर समजा, ऑइल बदललंच नाही. ही सगळ्यात पक्की खूण.

पाना_पकड | 12:38

पलासियावाले, थोडं बरोबर, थोडं धोक्याचं. लाखभर किमी जाणारे प्लग इरिडियमचे. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत साधे निकेलचे असतात आणि त्यांना तक्त्यात 40 हजारांच्या आसपास आर असतो. एअर फिल्टरला फुंकर मारून कागदाच्या घड्यांत बसलेली बारीक धूळ निघत नाही. उलट हवेचा जोर जास्त लागला तर कागद फाटतो. त्यात इंदूरमध्ये मेट्रोच्या कामाची धूळ. तो बदलू द्या.

पॅडचं नीट समजून घ्या, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथेच आहे. '40%' याला काही अर्थ नाही. चाळीस टक्के झिजले की चाळीस टक्के उरले? कशाचे टक्के? मिलिमीटरमध्ये माप मागा. त्या आकाराच्या गाडीत नव्या पॅडवर, मागची लोखंडी पट्टी सोडून, साधारण 10 मिमी मसाला असतो. 3 मिमीवर आला की बदलायची तयारी, 2 वर तर थांबायचंच नाही. ॲडव्हायझरला म्हणा, चाक काढलेलंच आहे, पॅडशेजारी स्टीलची पट्टी धरून फोटो पाठवा. आणि आतला पॅडही मोजा. चाकाच्या फटीतून बाहेरचाच दिसतो, पण कॅलिपरच्या पिना जाम झाल्या तर आतला आधी संपतो. एक जाड आणि एक पातळ निघाला तर नुसते पॅड बदलून उपयोग नाही, पिना साफ करून ग्रीस लावायला सांगा, नाहीतर नवे पॅडही तसेच खाल्ले जातील.

हिशेबनीस | 12:44

गाडीतलं मला फार कळत नाही, कागदातलं कळतं. अंतिम बिलात सुटे भाग एका बाजूला आणि मजुरी एका बाजूला असते. दोन्ही जोडून वाचा. भाग आहे आणि तो बसवायची मजुरी नाही, तर ती सर्व्हिसच्या ठरलेल्या मजुरीत धरली आहे का विचारा. मजुरी आहे आणि भागच नाही, तर नेमकं काय केलं ते विचारा. क्लीनिंग, फ्लश, कोटिंग ही बहुधा याच दुसऱ्या गटात येतात, कारण त्यात हाताला लागेल असं काही उरत नाही.

दुसरं म्हणजे जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के आहे, आधी बऱ्याच भागांवर 28 होता. मजुरीवर 18 च. म्हणजे बिलात प्रत्येक ओळीला 9 अधिक 9 दिसायला हवेत. डब्यावर जुनी एमआरपी छापलेली असली तरी बिल नव्या दराने.

रामबागकर | 1:05

धन्यवाद सगळ्यांना. पुस्तकाचं पीडीएफ मिळालं. 40 हजार किंवा 48 महिन्यांच्या रकान्यात आर आहे तो एवढ्यांना: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक फ्लुइड. पॅड, बेल्ट, बॅटरी, सस्पेन्शन यांना आय. फ्लश, थ्रॉटल, एसी, कोटिंग यांचं नावही नाही.

पॅडचा फोटो आला. बाहेरचा 6, आतला 6 ला जरासा कमी.

पण ब्रेक फ्लुइड? ते तर त्यांनी लिहिलंच नाही. ब्रेक छान लागतायत, मग सोडून देऊ ना?

पाना_पकड | 1:14

नाही! अख्ख्या यादीत हेच राहून गेलंय आणि हेच सोडायचं नाही.

आधी पॅड. 10 चे 6 व्हायला 38,600 किमी लागले, म्हणजे मिलिमीटरला साधारण 9,650. 3 मिमीपर्यंत यायला अजून 3 मिमी आहेत, म्हणजे अदमासे 29 हजार किमी. शहरातल्या सिग्नलांवर किंवा खंडव्याच्या रस्त्याला भेरू घाटातून नेहमीचं येणं-जाणं असेल तर कमी. तरी पुढच्या सर्व्हिसपर्यंत सहज जातील. खोडा. फक्त 'पुढचे पॅड 6 मिमी' असं कार्डावर लिहून घ्या. पुढच्या वेळी तुलनेला तोच आकडा कामी येईल.

आता फ्लुइड. ते हवेतली ओल शोषतं. ओल वाढली की उकळायचं तापमान खाली येतं. रोजच्या चालवण्यात काहीच कळत नाही, पेडल कडकच लागतं. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ धरते आणि पेडल मऊ पडतं. 'ब्रेक छान लागतात' हा त्याचा पुरावा नाही. तुमच्या तक्त्यात त्याआधीचा आर कधीचा आहे? आणि त्या वेळच्या बिलात ती ओळ दिसते का?

रामबागकर | 1:22

24 महिन्यांना आर आहे. 20 हजारांचं बिल उघडून बघितलं. फ्लुइड नाही. 30 हजारांच्यातही नाही. म्हणजे साडेतीन वर्षं कारखान्यातलंच!

पाना_पकड | 1:25

मग आजच बदलायला सांगा. पुस्तकात डॉट 3 की डॉट 4 ते बघून तेच. नुसती टाकी उपसून भरायची नाही, चारही चाकांच्या निपलमधून ब्लीड करायचं. पुरतं झालं की निपलमधून येणारं फ्लुइड फिकट, मधासारखं स्वच्छ दिसतं. आत्ताचं तपकिरी असेल. आधीचा आणि नंतरचा फोटो मागा.

बडोद्याचा_डिझेलवाला | 1:31

फ्लशला एवढं वाईट म्हणू नका. माझ्या जुन्या डिझेलमध्ये दर दोन ऑइलला करतो, इंजिन मऊ चालतं.

पाना_पकड | 1:49

ऑइल नवं पडलं की इंजिन मऊच चालतं, श्रेय फ्लशला जातं. पेट्रोल गाडीत दर वर्षी वेळेवर ऑइल बदलत असाल तर फ्लशने काढायला आत काही साचलेलंच नसतं. आणि जिथे खरंच गाळ आहे, वर्षानुवर्षं ऑइल बदललेलं नाही, तिथे फ्लशने सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. मग ऑइलचा दाब जातो. म्हणजे ज्यांना परवडतं त्यांना लागत नाही आणि ज्यांना लागतं त्यांना धोका. तुमच्या डिझेलबद्दल मी हट्ट धरत नाही, पण रामबागकरांना नको.

थ्रॉटल बॉडीचं वेगळं आहे. तिथे काजळी धरते हे खरं. पण तिची लक्षणं असतात: उभ्या गाडीत आरपीएम वरखाली होणं, एसी लावला की गाडी बंद पडू पाहणं. तशी तक्रार असेल तरच करा. तक्रार नसताना केलं आणि नंतर स्कॅनर लावून आयडल पुन्हा शिकवलं नाही तर आरपीएम उलट बिघडतो.

बडोद्याचा_डिझेलवाला | 1:53

बरं बरं. माझा मेकॅनिक काही ऐकायचा नाही तो नाही.

सुलभा_विजयनगर | 2:02

एक विचारू का? सुरुवातीलाच 'तीन सिलिंडर' लिहिलंय आणि यादीत स्पार्क प्लग 4. चौथा कुठे बसवणार?

मालवी_मिरची | 2:03

ॲडव्हायझरच्या स्कूटरमध्ये!

पाना_पकड | 2:09

सुलभाताई, सलाम. माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि सुटलं. सिलिंडरला एक प्लग हे सर्वसाधारण गणित. अपवाद असतात, जुन्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरला आठ प्लग असत. पण या गाडीला तीनच.

लगेच चोरी समजू नका. बरेचदा सर्व्हिसचं तयार पॅकेज सिस्टिममध्ये असतं आणि ॲडव्हायझरकडून चार सिलिंडरच्या गाडीचं निवडलं जातं. तसं असेल तर ऑइलचा आकडाही चुकलेला असणार. रामबागकर, पुस्तकात फिल्टरसह किती लिटर दिलंय?

रामबागकर | 2:15

2.9 लिटर. कार्डावर 3.5!

पाना_पकड | 2:20

बघा, पॅकेजचाच घोटाळा दिसतोय. ऑइल बॅरलमधून मापून देत असतील तर बिलात दशांशात 2.9 च्या आसपास यायला हवं. लिटरच्या डब्यांतून देत असतील तर तीन डबे लागतील आणि उरलेलं तुमचं. खरोखर 3.5 ओतलं असेल तर तेही वाईट, जास्त ऑइल क्रँकने घुसळून फेसाळतं. गाडी घेताना सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी डिपस्टिक बघा. वरच्या खुणेच्या वर नको.

सुलभा_विजयनगर | 2:31

आणि एसीवाल्या 900 चं काय? त्याऐवजी केबिन फिल्टर बघायला सांगा ना. बऱ्याच गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, पाच मिनिटांचं काम. वास येतो तो बहुतेक तिथूनच.

पाना_पकड | 2:36

अगदी. वास नसेल तर काहीच नको. कोटिंगही इंदुरात, समुद्र शेकडो किलोमीटर लांब असताना, साडेतीन वर्षांच्या गाडीला 2,400 देण्याइतकं गरजेचं नाही. तळाला रंग उडून गंज दिसत असेल तर तेवढ्या जागेचा फोटो मागा.

आता दुसरा प्रश्न, बदललं की नाही. जुने भाग परत हवेत असं आत्ताच लिहून कळवा. खरं म्हणजे हे सही करतानाच कार्डावर लिहायचं, गाडी धुऊन बाहेर आल्यावर मागितलं तर 'भंगारात गेलं' हे उत्तर ठरलेलं. त्यात एक अडचण: वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडे परत जातो, विम्याच्या कामातला सर्व्हेअरसाठी ठेवतात. ते तुम्हाला मिळणार नाहीत. तुमच्या पैशाचे मिळतात.

भाग हातात आला की तो आपल्याच गाडीचा आहे का हे बघायचं. जुने प्लग तीन आणि तिन्हींच्या टोकाचा रंग साधारण सारखा, फिकट तपकिरी. एक काळा आणि एक पांढरा असेल तर दुसऱ्या गाडीचे मिसळलेत, किंवा तुमच्या इंजिनात काही बिघाड आहे. दोन्ही विचारण्यासारखं. नव्या भागांचे रिकामे डबे मागा आणि त्यावरचा पार्ट नंबर बिलाशी ताडून बघा. शेवटचे एक-दोन आकडे वेगळे असतील तर लगेच भांडू नका, कंपनी जुना नंबर बंद करून नवा देते. काउंटरवर विचारलं तर सिस्टिममध्ये दाखवतात.

अलाइनमेंटची आधीची आणि नंतरची अशी दोन्ही छापील मापं घ्या. बॅलन्सिंग झालं असेल तर रिमवर सहसा एखादं तरी नवं, चकचकीत वजन दिसतं.

पलासियावाला | 2:50

आणि वॉशर? त्यावर कोणी बोललं नाही.

पाना_पकड | 3:04

बोलतो. खूण चांगली आहे, पक्की नाही. बऱ्याच इंजिनांत ड्रेन प्लगखालची चकती एकदाच दाबली जाते, म्हणून दर ऑइलला नवी घालतात आणि बिलात दहा-वीस-तीस रुपयांची ओळ येते. पण काही वर्कशॉप डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढून घेतात, तेव्हा खालचा प्लग उघडतच नाही. काही जण तीच चकती परत लावतात, मग महिन्याभराने फरशीवर थेंब दिसतो. म्हणून वॉशर नसेल तर 'ऑइल कसं काढलं' एवढं विचारा.

पलासियावाला | 3:07

ओढून काढलं तर तळाचा गाळ तसाच राहतो. मला तरी ते ऑइल बदलणं वाटत नाही.

पाना_पकड | 3:15

नळी तळापर्यंत पोहोचली तर जवळपास सगळं निघतं, नाही पोहोचली तर थोडं राहतं. इंजिनावर अवलंबून आहे. यावर मेकॅनिकांचंही एकमत नाही.

रामबागकर | रात्री 8:40

गाडी घरी आली. हिशेब देतो. पॅड, फ्लश, थ्रॉटल, एसी, कोटिंग सगळं नको म्हणून लेखी पाठवलं. ब्रेक फ्लुइड वाढवलं, ब्लीडिंगच्या मजुरीसह 720. एक प्लग कमी झाला, 190. ऑइल 3.5 चं 2.9 झालं, 288 कमी. 5,800 चे 6,042 झाले. ॲडव्हायझर म्हणाला पॅकेज चुकीचं निवडलं गेलं होतं. पाना_पकड म्हणाले तेच. खरं-खोटं देव जाणे, पण दुरुस्त करताना कुरकुर केली नाही.

पॅडचा आकडा कार्डावर लिहून घेतला: 6 मिमी. ब्रेक फ्लुइडचे दोन्ही फोटो आले. आधीचं अगदी काळ्या चहासारखं. जुने प्लग तीन, रंग सारखा. डिपस्टिक वरच्या खुणेच्या जराशी खाली.

हिशेबनीस, प्रत्येक ओळीला 9 अधिक 9 आहेत. पण एक ओळ कळली नाही, 'कन्झ्युमेबल्स 85'. आणि बिलात वॉशर नाही. विचारलं तर म्हणाले, वॉशर कन्झ्युमेबल्समध्येच येतो.

हिशेबनीस | 8:52

कन्झ्युमेबल्स म्हणजे पुसायचा कपडा, क्लीनर, ग्रीस असं मोजता न येणारं. वॉशरला पार्ट नंबर असतो, त्याची वेगळी ओळ व्हायला हवी. 85 मध्ये काय काय धरलं ते लिहून मागा.

पलासियावाला | 8:55

बघा! मी म्हटलं नव्हतं?

पाना_पकड | 9:10

उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी इंजिनाखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा, दोन-तीन दिवस तसंच. थेंब पडला तर चकती जुनी असू शकते. नाही पडला तर नवी घातली असेल, किंवा जुनी अजून तग धरून आहे. कागदावरून यापुढे कळणार नाही.

रामबागकर | 9:14

ठेवतो. जुना ऑइल फिल्टर पिशवीत घालून दिला होता, तो डिकीत गळला. सतरंजी गेली. पुढच्या वेळी जुने भाग मागताना डबाही घेऊन जाईन.